जपानी काका, सतरा फोटो आणि 11 तारीख

कुकरची दुसरी शिट्टी झाली अन् फोन वाजायला लागला, थांबेचना, एकामागे एक सतरा फोटो. मावसभावाने पाठवलेले. तो जंगल बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी जीप चालवतो, अन् त्या दिवशी त्याने एका जपानी काकांना स्टेशनजवळच्या लॉजवर सोडलं होतं. काका साठीच्या पुढचे, पक्षी बघायला आलेले, इंग्रजी कामापुरतं येते पण हिंदी-मराठीचा एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी 12 तारखेला पहाटेच्या एक्सप्रेसचं रिझर्वेशन होतं बल्लारशाहपर्यंत, अन् तिथून संध्याकाळी दक्षिणेकडे जाणारी दुसरी गाडी. संध्याकाळी सहज स्टेशनवर चक्कर मारायला गेले तर खिडकीपाशी चिकटवलेल्या एका कागदाभोवती पाच-सहा लोक जमून बोटं दाखवत होते, ते बघून काकांना धडकी भरली अन् त्यांनी दिसेल त्या पाटीचे फोटो काढून भावाला पाठवले. भावाचा मेसेज: "ताई, हे इंग्रजीत करून दे ना लवकर, काका लय घाबरून राहिले."

मी शाळेत इंग्रजी शिकवते म्हणून अशी सगळी कामं माझ्याकडेच येतात. गॅस बारीक केला अन् ओट्याशीच उभी राहून फोटो बघायला लागले.

पहिले दहा-बारा तर सोडूनच द्यायचे होते. स्टेशनच्या नावाची पिवळी पाटी, वर मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी, म्हणजे ती काकांना वाचता येतच होती. प्रतीक्षालय, पिण्याचं पाणी, पादचारी पूल, कायमच्या पाट्यांवर इंग्रजी असतेच कुठेतरी खाली. पण एक पाटी रंग उडालेली, इंग्रजीची ओळ पूर्ण गेलेली, फक्त मराठी उरलेली की रूळ ओलांडणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रेल्वे कायदा 1989, कलम 147. गंमत म्हणजे लॉजवरच्या एका मुलाने, जो मध्य प्रदेशातून कामाला आला आहे अन् थोडं इंग्रजी बोलतो, त्याने काकांना आधीच सांगून ठेवलं होतं की इथे सहा महिन्यांचं एज्युकेशन आहे. लिपी एकच ना, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. काका बिचारे म्हणे विचारत होते कसलं शिक्षण, रेल्वेचं का.

मी लिहून दिलं, रूळ ओलांडू नका, पुलावरूनच जा, जेल किंवा दंड होतो. कलम-बिलम लिहिलंच नाही, त्यांना त्याचा काय उपयोग.

मग आला तो कागद. फोटो तिरपा, वर ट्यूबलाईटचा चमकारा, अन् कागद हिंदीत. वर नेहमीचं, यात्रियों को सूचित किया जाता है वगैरे, मग एका यार्डात नॉन-इंटरलॉकिंगचं काम आहे (नवीन रूळ सिग्नल यंत्रणेला जोडताना काही दिवस ती यंत्रणा बंद ठेवून रूळ बदलणं अन् सिग्नल देणं हाताने करावं लागते, म्हणून गाड्या कमी करतात), अन् खाली तक्ते. पहिला तक्ता "रद्द रहने वाली गाड़ियाँ". त्यात काकांची एक्सप्रेस होती. तिच्यापुढे तारखा, 11 एवं 14.

मी तोंडानेच हुश्श केलं. काकांची 12 तारीख. लगेच टाईप केलं की तुमची गाडी 11 आणि 14 ला रद्द आहे, 12 ला नाही, निवांत झोपा. पाठवलं. भावाने पुढे ढकललं. काकांचा हात जोडलेला इमोजी आला.

भाताला फोडणी देत होते तेव्हा डोक्यात किडा वळवळला. फोटोत कागदाची खालची कड कापली गेली होती, आणि अशा नोटिशीत खाली बारीक अक्षरात काहीतरी असतेच असते. भावाला म्हटलं, काकांना सांग तोच कागद पुन्हा काढा, एकदा पूर्ण, मग अर्धा वरचा, अर्धा खालचा, अन् फोन थोडा बाजूला धरा म्हणजे लाईट चमकणार नाही. पाच मिनिटांत आले फोटो. खालच्या फोटोत तक्त्याखाली फुली मारून एक ओळ:

"उपरोक्त तिथियाँ गाड़ी के प्रारंभिक स्टेशन से छूटने की हैं।"

घ्या. म्हणजे ती तारीख आमच्या स्टेशनची नव्हेच. जिथून गाडी निघते तिथली. ही गाडी निघते 11 ला दुपारी, रात्रभर धावून आमच्याकडे पोचते 12 च्या पहाटे. 11 ला निघणारी रद्द म्हणजे आमच्याकडची 12 ची रद्द, 14 ची रद्द म्हणजे आमच्याकडे 15 ला गाडी नाही. काका 12 ला पहाटे प्लॅटफॉर्मवर बॅग घेऊन उभे राहिले असते अन् मी शब्दाला शब्द बरोबर भाषांतर केलेलं असतं.

यात फसायला होते कारण तिकिटावर तुमच्या स्टेशनवर चढायची तारीख डोळ्यासमोर असते अन् नोटिशीत गाडी निघायची. रात्र ओलांडून येणारी गाडी असली की दोन्हींत एका दिवसाचा फरक, अन् दोन रात्री ओलांडून आली तर दोन दिवसांचा. कधी ही ओळ "यात्रा प्रारंभ तिथि" अशी एवढीच असते. ते तर आणखी बेकार, कारण मराठी माणसाला यात्रा म्हटलं की जत्रा आठवते अन् इंग्रजीत जर्नी डेट केलं की प्रवासी स्वतःची तारीख समजतो. म्हणून आता मी नोटिशीतली तारीख जशीच्या तशी देतच नाही. आधी गाडीचं टाईमटेबल बघते, आपल्या स्टेशनपुढे दिवस 1 आहे का 2 ते बघते, अन् त्याप्रमाणे तारीख बदलून "या स्टेशनवर अमुक तारखेला ही गाडी येणार नाही" असंच लिहिते.

तरी खात्री करायला भावाने 139 ला फोन लावला, तिथेही गाडी निघायची तारीख सांगून विचारलं, 11 ची रद्द. झालं, मग मी काकांना तीन ओळी लिहिल्या. आधीचा मेसेज चुकला, माझी चूक. उद्या पहाटे तुमची गाडी येणार नाही. तिकीट ऑनलाईन काढलंय, गाडीच रद्द आहे, म्हणून पूर्ण पैसे आपोआप परत येतील, कुठे रांगेत उभं राहू नका. काकांचं उत्तर नुसतं "ओके", इमोजी नाही. मला जेवण गेलं नाही त्या दिवशी नीट.

आता जायचं कसं. सकाळची गोंदियाहून येणारी पॅसेंजर बल्लारशाहपर्यंत जाते, तिने गेलं तरी संध्याकाळची गाडी आरामात मिळत होती. पण सतरामधला शेवटचा फोटो मी बघितलाच नव्हता, खडूने लिहिलेला फळा: "कल बल्लारशाह पैसेंजर चांदाफोर्ट तक ही". बस एवढंच, क्रियापद नाही, तारीख नाही. हिंदीत कल म्हणजे काल पण अन् उद्या पण! "जाएगी" लिहिलं असतं तर उद्या, "गई" लिहिलं असतं तर काल. असं अर्धवट वाक्य भाषांतर करून काही उपयोग नाही, तिथे जाऊनच विचारावं लागते. भाऊ म्हणाला, "कालचं असन, पुसलं नसन कोणी." मी म्हटलं तू जाऊन ये बाबू. तो गेला, खिडकीवरच्या माणसाने सांगितलं उद्याचंच आहे, आत्ताच लिहिलं.

म्हणजे गाडी जाईल पण चांदाफोर्टला संपेल, पुढे बल्लारशाहपर्यंत नाही. आता इथे आणखी एक घोळ. चंद्रपूर शहरात दोन स्टेशनं आहेत. आमच्या गोंदिया लाईनवरचं चांदाफोर्ट, कोड CAF, अन् दुसऱ्या, वर्धेकडून येणाऱ्या मोठ्या लाईनवरचं चंद्रपूर, कोड CD. काकांच्या फोनच्या नकाशात चंद्रपूर एवढंच मोठ्या अक्षरात दिसत होतं, ते गाडीत चंद्रपूर नावाची पाटी शोधत बसले असते अन् ती आलीच नसती. अन् बल्लारशाह स्टेशन ज्या गावात आहे ते गाव बल्लारपूर, बसवर लिहिलेलं असते बल्लारपूर. अशा वेळी नावाचं भाषांतर नाही करायचं, अक्षरं द्यायची. मी वहीच्या पानावर स्केचपेनने मोठ्ठं लिहिलं, प्रत्येकाखाली इंग्रजी अन् कोड:

चांदाफोर्ट (CAF), इथे उतरा.
बल्लारशाह रेल्वे स्टेशन (BPQ), हे ऑटोवाल्याला दाखवा.
बल्लारपूर, बसवर हे दिसलं तर हीच ती.

पानाचा फोटो पाठवला. काकांना वाचता येत नाही पण पाटीवरच्या आकाराशी जुळवून तर बघता येते, अन् ऑटोवाल्याला इंग्रजी बोलून दाखवण्यापेक्षा मराठीत लिहिलेलं पान दाखवलेलं बरं. चांदाफोर्टहून बल्लारशाह पंधराएक किलोमीटर, ऑटोने फार वेळ लागत नाही.

काकांना तिकीट रात्रीच काढून ठेवायचं होतं. रात्री मधे त्या दिशेची एखादी गाडी सुटली तर ते नाही चालत. जवळच्या अंतराचं, म्हणजे 199 किलोमीटरपर्यंतचं जनरल तिकीट काढल्यापासून तीन तासांत किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत, यातलं जे उशिरा होईल तोवर प्रवास सुरू करावा लागतो. म्हणून सकाळी गाडीच्या अर्धा तास आधी खिडकीवर जा असं लिहिलं. अन् "अर्धा तास आधी" हे त्या लॉजवाल्या मुलाला समजावून सांगू नको असं भावाला बजावलं, हिंदीत आधी म्हणजे अर्धी, पुन्हा काहीतरी उलटंसुलटं व्हायचं.

सकाळी भाऊ स्वतःच गेला सोडायला. दुपारी दीडच्या सुमारास काकांचा फोटो आला, बल्लारशाहची पिवळी पाटी, शेजारी त्यांचा अंगठा. मग आणखी एक फोटो, गाडीच्या खिडकीतून काढलेला, जरा हललेला: रुळाशेजारी पिवळा फलक, त्यावर "सी/फा" अन् खाली "W/L". खाली त्यांचा प्रश्न, हे मला काही करायला सांगत होतं का?

मला तरी कुठे माहीत होतं. शेजारचे एक काका रेल्वेतून रिटायर झालेत, त्यांना दाखवलं. हसले. सीटी, फाटक. पुढे फाटक आहे, ड्रायव्हरने शिट्टी वाजवायची. जपानला कळवलं की ते तुमच्यासाठी नव्हतं.