एलएफएसआर: दोन आयसी, सोळा बाइट आणि २५५ पायऱ्या

बरेच दिवस मनात होतं की एकच एलएफएसआर, म्हणजे आपल्याच बिटांतून पुढचा बिट बनवणारं शिफ्ट रजिस्टर, दोनदा बनवायचं. एकदा ब्रेडबोर्डवर आयसी लावून आणि एकदा ८०८५ च्या असेंब्लीत. मग दोघांना शेजारी बसवून एकेक पायरी ताडून बघायची. तीन आठवडे रोज रात्री जेवणानंतर तासभर दिला आणि काल ते जमलं. वाटेत जे अडलं ते सगळं इथे लिहून ठेवतो.

सर्किट अगदी लहान आहे. ७४एचसी१६४ हे आठ घरांचं शिफ्ट रजिस्टर आणि ७४एचसी८६, म्हणजे चार एक्सॉर गेट. दोन्ही पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात लगेच मिळाले. क्लॉकची कड वर गेली की १६४ मधला प्रत्येक बिट एक घर पुढे सरकतो आणि रिकाम्या झालेल्या पहिल्या घरात नवा बिट येतो. हा नवा बिट बाहेरून येत नाही. रजिस्टरच्याच आठव्या, सहाव्या, पाचव्या आणि चौथ्या घरातले बिट एक्सॉर करून तो बनतो. या घरांना टॅप म्हणतात. १६४ वर ती अनुक्रमे १३, ११, १० आणि ६ नंबरच्या पायांवर मिळतात. चार टॅपांना तीन गेट पुरतात, त्यामुळे ८६ मधलं चौथं गेट मोकळं राहतं. ते मी तसंच सोडून दिलं होतं, आणि नेमकं तिथेच अडलं.

पॉवर दिली, रीसेट दाबला, क्लॉकचं बटण दाबत राहिलो. आठही एलईडी विझलेले ते विझलेलेच. वायरिंग दोनदा तपासलं, आयसी बदलला, फरक शून्य. मग कागद घेतला आणि दोन मिनिटांत उलगडलं. १६४ चा रीसेट सगळी घरं शून्य करतो. चार शून्यांचं एक्सॉर शून्यच, म्हणजे नवा बिटही शून्य. या अवस्थेतून सर्किट स्वतःहून कधीच बाहेर पडणार नाही. पुस्तकात 'सीड शून्य नको', म्हणजे सुरुवातीची संख्या शून्य नको, हे वाक्य कितीदा तरी वाचलं होतं, पण रीसेटची पिन आपल्याला नेमकी तिथेच नेऊन सोडते हे ध्यानात आलं नव्हतं.

सीड भरायला वेगळं सर्किट जोडायची गरज पडली नाही, कारण ते मोकळं चौथं गेट हाताशी होतं. एक्सॉरची एक इनपुट पाच व्होल्टला बांधली की दुसरी इनपुट उलटी होऊन बाहेर येते. म्हणून तिसऱ्या गेटचं आउटपुट चौथ्याच्या १२ नंबरच्या पायाला दिलं, १३ नंबरचा पाय पाच व्होल्टला बांधला आणि ११ नंबरच्या पायावरून निघालेला बिट १६४ च्या पहिल्या पायाला जोडला. १६४ ला दोन सिरियल इनपुट असतात आणि आत त्यांचं अँड होतं, त्यामुळे दुसरा पायही पाच व्होल्टला बांधायला हवा. तो अधांतरी ठेवलात तर एलईडी वाटेल तसे नाचतात. आता फीडबॅक एक्सनॉरचा झाला. शून्य ही चालणारी अवस्था झाली आणि अडकण्याची जागा FF वर गेली. रीसेट तिथे कधीच नेत नाही, आणि शून्यापासून निघालेली साखळीही FF वर जात नाही.

रीसेटनंतरच्या पहिल्या पायऱ्या अशा आहेत, ताडून बघायला उपयोगी पडतील:

```
00 01 03 07 0F 1E 3D 7A F4 E8 D0 A1 43 87 0E
```

माझ्याकडे मात्र 03 वरून थेट 0F दिसायचं. बटणाच्या पत्र्या दाबताना थरथरतात, त्यामुळे एका दाबात दोन क्लॉक जात होते. पुढची संख्या कोणती हे आधीच ठाऊक असल्यामुळे ही चूक लगेच पकडता आली. साध्या मोजणी सर्किटइतकंच हे रजिस्टर बटण तपासायला कामाला येतं. १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड लावून थरथर शमवली, पण कपॅसिटरवरची ती मंद चढणारी कड सरळ १६४ ला देऊ नका. एचसी जातीच्या क्लॉकला कड झटपट चढलेली लागते. मध्ये ७४एचसी१४ चं एक श्मिट गेट घातल्यावर दर दाबाला एकच पायरी पडू लागली.

आता असेंब्ली. ८०८५ निवडण्याचं कारण म्हणजे त्याचा पॅरिटी फ्लॅग. चार बिटांचं एक्सॉर म्हणजे त्यांच्यातल्या एकांची संख्या सम की विषम, एवढाच प्रश्न. `ANI` ने नको ते बिट पुसले की हे उत्तर पॅरिटी फ्लॅगमध्ये आयतंच मिळतं. आठवं, सहावं, पाचवं आणि चौथं घर म्हणजे बिट ७, ५, ४, ३, म्हणून मास्क B8. घरं एकपासून मोजायची आणि बिट शून्यापासून, हा फरक विसरलात तर रजिस्टर चालतं पण टॅप भलतेच लागतात.

```
2000  3A 50 20   LDA 2050H
2003  47         MOV B,A
2004  E6 B8      ANI 0B8H
2006  E2 0A 20   JPO 200AH
2009  37         STC
200A  78         MOV A,B
200B  17         RAL
200C  32 50 20   STA 2050H
200F  C9         RET
```

रजिस्टरची चालू अवस्था मेमरीत 2050 वर राहते. `ANI` कॅरी शून्य करून ठेवते. एक विषम संख्येने असतील तर `JPO` सरळ सरकवण्याकडे जाते आणि आत शून्य शिरतं. सम असतील तर `STC` मुळे एक शिरतो. म्हणजे ब्रेडबोर्डवरचं एक्सनॉर इथे वेगळी सूचना न घालताच आलं. `RAL` हे १६४ चं सरकणं. सगळं मिळून सोळा बाइट, 2000 पासून 200F पर्यंत. एका पायरीला ६५ किंवा ६६ टी-स्टेट लागतात, म्हणजे ३.०७२ मेगाहर्ट्झच्या माझ्या किटवर साधारण साडेएकवीस मायक्रोसेकंद.

साखळी किती लांब आहे हे मोजायला छोटा लूप लिहिला. शून्यापासून सुरुवात, प्रत्येक पायरीला C रजिस्टर एकने वाढवायचं आणि पुन्हा शून्य आलं की थांबायचं.

```
      XRA A
      STA 2050H
      MOV C,A
L1:   CALL 2000H
      INR C
      ORA A
      JNZ L1
      HLT
```

पहिल्या वेळी C मध्ये 00 आलं, म्हणजे २५६ पायऱ्या. FF वगळल्यावर अवस्थाच २५५ उरतात, तेव्हा हे शक्यच नव्हतं. चूक अशी की मी `ORA A` लिहिलंच नव्हतं. `RAL` आणि `STA` झीरो फ्लॅगला हात लावत नाहीत, त्यामुळे `JNZ` हा `INR C` चा फ्लॅग वाचत होता आणि लूप C फिरून शून्य होईपर्यंत चालत होता. `ORA A` घातल्यावर FF आलं, म्हणजे बरोबर २५५.

मोजायचं साधन हाताशी आलंच होतं, म्हणून टॅप बदलून पाहिले. आठवं आणि सातवं असे दोनच टॅप घेतले तर एका गेटवर भागेल, असा मोह कोणालाही होईल. मास्क C0 केला, उत्तर आलं 3F, म्हणजे फक्त ६३. का ते कागदावर सोडवलं. या टॅपांची बहुपदी `x^8 + x + 1` अशी मांडता येते आणि तिचे `x^2 + x + 1` आणि `x^6 + x^5 + x^3 + x^2 + 1` असे दोन तुकडे पडतात. तुकडे पडले की अवस्थांचं एकच मोठं वर्तुळ राहत नाही. इथे ६३ अवस्थांची चार वर्तुळं होतात आणि उरलेल्या तीन अवस्थांचं एक इवलं वर्तुळ. एक्सनॉरमध्ये ते 92, 24, 49 असं फिरतं. 2050 मध्ये 92 भरून पाहिलं, तिसऱ्या पायरीला परत 92. आठ बिटांसाठी दोन टॅपांची पूर्ण लांबीची साखळी नाहीच, आणि बिटांची संख्या आठच्या पटीत असेल तर ती कधीच नसते. सोळा बिटांच्या रजिस्टरलाही चार टॅप लागतात ते यामुळेच.

मग दोघांची गाठ घातली. किटवरच्या ८२५५ या इनपुट-आउटपुट आयसीचं पोर्ट ए १६४ च्या आठ आउटपुटना, पोर्ट सी चा शून्य बिट क्लॉकला आणि एक बिट रीसेटला. प्रोग्राम क्लॉक देतो, वरचं रूटीन बोलावतो, पोर्ट ए वाचतो आणि दोन्ही संख्या ताडतो. कधी चाळिसाव्या पायरीला चुकायचं, कधी शंभराच्या पुढे. बटणावर हेच सर्किट निर्दोष चालत होतं. शेवटी क्लॉकची रेघ वर धरून मल्टिमीटर लावला तर ३.१ व्होल्ट. जुना एनमॉस ८२५५ वरच्या पातळीला २.४ व्होल्टचीच हमी देतो, आणि पाच व्होल्टवर चालणाऱ्या एचसीला साधारण साडेतीन लागतात. त्या मधल्या पट्ट्यात एखादा क्लॉक गळत होता. क्लॉक आणि रीसेट दोन्ही रेघांना ४.७ किलोओहमचे पुल-अप पाच व्होल्टकडे लावले आणि २५५ पायऱ्या न अडखळता जुळल्या. नंतर प्रोग्राम रात्रभर फिरत ठेवला, सकाळी चुकांचा आकडा शून्य होता. एचसीटी जातीचा १६४ घेतला असता तर पुल-अप लागले नसते.

ज्यांना यातून फासा किंवा खेळ करायचा आहे त्यांनी दर पायरीची संख्या वापरू नये. वरची यादी पाहा: 07, 0F, 1E, 3D. प्रत्येक संख्या आधीचीच दुप्पट, फार तर एक अधिक. आठ पायऱ्या सरकवून मग संख्या उचलली की सगळे बिट नवे असतात: 00, F4, 39, 7F. आठ आणि २५५ यांना सामाईक विभाजक नाही, म्हणून अशी उचल केली तरी सगळ्या २५५ संख्या एकेकदा येतातच. फाशासाठी FC आणि त्यापुढच्या संख्या टाकून द्या. उरलेल्या २५२ सहांत समान वाटल्या जातात.

हेच चार टॅप १९८२ साली डेव्हिड क्रेन यांनी अटारी २६०० वरच्या 'पिटफॉल!' मध्ये वापरले होते. जंगलाचे २५५ पडदे साठवायला चार किलोबाइटच्या काडतुसात जागा नव्हती, म्हणून एका बाइटच्या एलएफएसआरमधून प्रत्येक पडदा घडवला. पण खेळाडू डावीकडेही वळू शकतो, तेव्हा रजिस्टर उलटं फिरवता यायला हवं. ते मला माझ्या सोळा बाइटांत करून बघायचं होतं. सरकताना तिसरा, चौथा आणि पाचवा बिट हे चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या जागी जातात आणि नवा बिट शून्याच्या जागी बसतो. म्हणजे बाहेर पडलेला बिट परत मिळवायला बिट ६, ५, ४ आणि ० यांची पॅरिटी पुरते. मास्क 71. बाकी काहीच बदलत नाही: 2005 वर B8 च्या जागी 71, आणि 200B वर 17 च्या जागी `RAR` चा 1F. काल रात्री साडेअकराला 2050 मध्ये 0E भरलं, हे दोन बाइट बदलले आणि एकेक पायरी चालवली. 87, 43, A1, D0, E8, F4, 7A, 3D, 1E, 0F, 07, 03, 01, 00.