मे महिन्यात १९.५ ओहम: माती सुकली की पाइप गंजला?

लातूरजवळच्या एका डाळ मिलचं अर्थिंग माझ्याकडे आहे. २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, त्याच्या न्यूट्रलला दोन खड्डे, पॅनेल आणि मोटारींच्या बॉडीला दोन. चारही खड्ड्यांत ४० मिलिमीटरचा, ३ मीटर लांब जीआय पाइप, भोवती मीठ-कोळशाचे थर. वर सव्वा-दीड मीटर काळी माती, खाली मुरूम. आपल्याकडे हे चित्र इतकं नेहमीचं आहे की बहुतेकांना आपलाच खड्डा आठवेल.

सप्टेंबरच्या चाचणीत एक नंबरच्या खड्ड्याचं रीडिंग ३.० ओहम होतं आणि तीन नंबरचं ४.१. मे महिन्यात एक नंबर ६.५ वर गेला आणि तीन नंबर १९.५ वर. उन्हाळ्यात रीडिंग वाढतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे अशा वेळी ठरलेला उपाय म्हणजे फनेलमधून चार बादल्या पाणी ओतायचं, वर पोतंभर मीठ टाकायचं आणि पुन्हा मीटर लावायचा. यावेळी तसं केलं नाही. सगळ्या खड्ड्यांना ऊन सारखंच लागतं, मग एक दुप्पट आणि दुसरा जवळपास पाचपट का वाढावा, हे आधी शोधायचं ठरवलं.

पहिलं काम म्हणजे रीडिंगवर विश्वास ठेवता येतो का ते बघणं. रविवारी मिल बंद ठेवून मेन स्विच काढला. तीन नंबरच्या पट्टीवर क्लॅम्प मीटर लावून तिच्यातून करंट वाहत नाही ना, हे पाहिलं आणि मगच खड्डा बाकीच्यांपासून वेगळा करणारी टेस्ट लिंक उघडली. पट्टीत करंट असेल तर लिंक सोडायची नाही. न्यूट्रलच्या खड्ड्यांना तर सप्लाय चालू असताना हातच लावायचा नाही आणि बंद असतानाही एका वेळी एकच सोडायचा.

लिंक उघडल्याशिवाय घेतलेलं रीडिंग त्या खड्ड्याचं नसतंच. आमच्याकडे चारही जोडलेले असताना मीटर १.८ दाखवत होता. त्यात बाकीचे तीन खड्डे आणि शेडचं लोखंड सामील होतं. मेलेला खड्डा अशा बेरजेत वर्षानुवर्षं लपून राहतो. तीन नंबर पूर्ण काढून टाकला असता तरी त्या १.८ मध्ये सुमारे दोन दशांशांचाच फरक पडला असता.

मीटरची करंटची खुंटी खड्ड्यापासून ३० मीटरवर ठोकली आणि व्होल्टेजची मधली खुंटी १८.५ मीटरवर, म्हणजे अंतराच्या साधारण ६२ टक्क्यांवर. मग मधली खुंटी ३ मीटर अलीकडे आणि ३ मीटर पलीकडे नेऊन पाहिली. १९.२, १९.५ आणि १९.८. तिन्ही जवळजवळ सारखी आली म्हणून १९.५ खरं धरलं. अलीकडे-पलीकडे रीडिंग झपाट्याने बदलत असेल तर खुंट्या खड्ड्याच्या फार जवळ आहेत किंवा खाली एखादी लोखंडी पाइपलाइन जातेय, हे समजायचं. मे महिन्यात खुंटीभोवतीची माती इतकी कोरडी असते की मीटर कधीकधी रीडिंगच देत नाही. खुंटीभोवती तांब्याभर पाणी ओतायला हरकत नाही, त्याने खड्ड्याचं रीडिंग बदलत नाही. खड्ड्यात मात्र आदल्या दोन आठवड्यांत पाणी पडलेलं नको.

यानंतरचं काम बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही, आणि गाठ तिथेच सुटते. खड्ड्याबरोबर त्याच दिवशी मातीचीही रोधकता, म्हणजे माती करंटला किती अडवते ते, मोजायची. चार खुंट्या एका ओळीत, सारख्या अंतरावर. बाहेरच्या दोन करंटच्या, आतल्या दोन व्होल्टेजच्या. मीटरवर आलेल्या R वरून रोधकता निघते:

```
ρ = 2πaR
```

यात a म्हणजे दोन खुंट्यांमधलं मीटरमधलं अंतर. खुंट्या जवळ ठेवल्या तर वरच्या मातीचा हिशेब मिळतो, लांब ठेवल्या तर खालची मातीही त्यात येते. मी अर्धा मीटर आणि दोन मीटर अशी दोन अंतरं घेतली. अर्ध्या मीटरच्या मापाला खुंटी ५ सेंटिमीटरपेक्षा खोल ठोकायची नाही. आणि काळ्या मातीत भेगेच्या तोंडाशी खुंटी रोवली तर येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नाही, भेग टाळून ओळ आखावी.

दोन मीटरच्या अंतराला सप्टेंबरात R ०.९५ आला होता, म्हणजे रोधकता सुमारे १२ ओहम-मीटर. मे महिन्यात २.०७, म्हणजे २६. वाढ सव्वादोन पटीच्या आतली. एक नंबरचा खड्डाही ३.० वरून ६.५ वर, जवळपास तितक्याच पटीने गेला होता. खड्ड्याच्या रीडिंगला रोधकतेने भागलं तर दोन्ही महिन्यांत ०.२५ येतं. हा भागाकार महत्त्वाचा, कारण तो इलेक्ट्रोडची लांबी, जाडी आणि त्याचा मातीशी असलेला संपर्क यांवर ठरतो. माती सुकली की खड्ड्याचं रीडिंग आणि रोधकता सोबत वाढतात आणि भागाकार जागचा हलत नाही. म्हणजे एक नंबर ठणठणीत होता, फक्त त्याची माती सुकली होती.

तीन नंबरचा भागाकार सप्टेंबरात ०.३४ होता आणि मेमध्ये ०.७५. तेव्हाच तिथे काहीतरी मोडलंय हे कळलं. पण काय मोडलंय, ते अर्ध्या मीटरच्या मापाने सांगितलं. वरच्या मातीची रोधकता सप्टेंबरात ५ होती, मेमध्ये २२.६. साडेचार पट. तीन नंबरची वाढ पावणेपाच पट. म्हणजे हा खड्डा ३ मीटर खोल असूनही वागत होता वीतभर खालच्या मातीसारखा. खालच्या मुरमात मे महिन्यातही थोडी ओल टिकून असते. तिथवर या पाइपचा हातच पोहोचत नव्हता.

अर्थिंगच्या आयएस ३०४३ या भारतीय मानकात म्हटलंय की मातीतला ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर असेल तर रोधकतेत फारसा फरक पडत नाही, त्याखाली गेला की ती एकदम चढते. काळी माती पावसाळ्यात त्या रेषेच्या बरीच वर असते आणि उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत खाली जाते. शिवाय आकसताना ती पाइपचं अंग सोडते, मध्ये हवेची फट राहते. तुटका पाइप सप्टेंबरात ४.१ दाखवून पास होतो तो याचमुळे. ओल्या काळ्या मातीत पाऊण मीटरचा तुकडासुद्धा पुरतो.

हिशेबही करून पाहिला. सलग मातीत उभ्या पाइपचं सूत्र, लांबी l आणि बाहेरचा व्यास d सेंटिमीटरमध्ये:

```
R = (100ρ / 2πl) × ln(4l/d)
```

पाइपचा बाहेरचा व्यास ४.८ सेंटिमीटर. ३०० सेंटिमीटर लांबीला उत्तर रोधकतेच्या ०.२९ पट येतं, ८० सेंटिमीटरला ०.८४ पट. ०.८४ गुणिले २२.६ म्हणजे १९. मोजलेलं १९.५. आपली माती सलग नसते, त्यामुळे इतकं जुळणं हा थोडा नशिबाचाही भाग, पण कुठे खणायचं ते ठरलं.

खणण्याआधी जोड तपासणं भाग होतं, कारण गंजलेला क्लॅम्पही हेच नाटक करतो. पट्टीवर १९.५ होतं. मग पाइपच्या डोक्यावरचा गंज कानशीने घासला, आतलं लोखंड पांढरं चमकेपर्यंत, आणि मीटरची वायर थेट तिथे लावली: १९.१. म्हणजे जोडात ०.४ ओहम अडत होतं. बोल्टच्या जोडाला हे खूपच आहे. तो जोड उघडून साफ करून पुन्हा आवळला, पण खरा चोर तो नव्हता.

पाण्याची परीक्षाही मुद्दाम केली. दोन्ही खड्ड्यांत ५०-५० लिटर पाणी ओतलं. एक नंबर ६.५ वरून ५.६ वर आला आणि चौथ्या दिवशी ५.९ वर होता. तीन नंबर दोन तासांत ९ वर उतरला आणि चौथ्या दिवशी १७ वर परत गेला. पाणी घातल्यावर इतकं झटकन सुधारणारं आणि इतक्याच झटकन बिघडणारं रीडिंग वरच्या थराचं असतं. तपासणीच्या सकाळी बादल्या ओतायची जी पद्धत आहे, ती नेमका हाच फरक पुसून टाकते.

खणल्यावर ८० सेंटिमीटरच्या आसपास पाइप हातात आला. वरचा तुकडा अलगद निघाला, टोकाला कागदासारखी पातळ, कंगोऱ्याकंगोऱ्याची कडा. त्याखाली तांबड्या-काळ्या ढेपा होत्या, त्यात लोखंड कमी आणि चुरा जास्त. जस्ताचा तर मागमूस नव्हता. तीन नंबरचं रीडिंग उन्हाळ्यात आधीपासूनच जास्त यायचं, म्हणून मीठ याच खड्ड्यात सर्वात जास्त गेलं होतं. मिठातलं क्लोराइड जस्त खातं, मग लोखंड खातं. कोळशाला लागून असलेलं लोखंड विद्युत-रासायनिक नात्याने आणखी लवकर झिजतं. आणि वर कोरडं, खाली ओलं अशी जी सीमारेषा असते, तिथे हे सर्वात जोरात चालतं. रीडिंग खाली आणायला टाकलेल्या मिठानेच इलेक्ट्रोड संपवला होता.

नवीन पाइपसाठी त्याच खड्ड्यात न जाता, बाजूच्या खड्ड्यापासून ६ मीटर, म्हणजे पाइपच्या दुप्पट लांबीइतकं अंतर राखून ६ इंची बोअर मारलं. तांब्याचा मुलामा असलेला रॉड घ्या, असा आग्रह झाला. मी नको म्हटलं. बाकीचे तीन पाइप जीआयचे आणि सगळे एकमेकांना जोडलेले. त्यात तांबं आलं की झीज जीआयची होते. तांबं वापरायचं तर चारही बदलावेत. जीआयचाच पाइप घेतला, मीठ-कोळसा टाळला, आणि भोवती बेंटोनाइट धिरड्याच्या पिठासारखं कालवून तळापासून वर भरलं. बेंटोनाइटही पूर्ण सुकलं तर आकसतं, म्हणून वरचा अर्धा मीटर साध्या चाळलेल्या मातीने बंद केला आणि झाकण बसवलं.

तीन आठवड्यांनी, पाऊस यायच्या आधी, रीडिंग ७.१ आलं. मातीची रोधकता तेव्हाही २६ होती, म्हणजे भागाकार ०.२७.

आता रजिस्टरमध्ये खड्ड्याच्या ओहमशेजारी अर्धा मीटर आणि दोन मीटरची रोधकता आणि भागाकार असे तीन रकाने वाढवलेत, आणि चाचणी मे आणि सप्टेंबर अशी दोनदा होते. चार नंबरचा भागाकार सप्टेंबरात ०.२५ होता, मेमध्ये ०.२८ निघाला. एवढा फरक मोजमापातही येऊ शकतो. तो पुढच्या मेमध्ये ०.३५ च्या वर दिसला तर त्याचाही वरचा मीटरभर भाग उघडून पाहणार आहे.