पाडवा, उगादी आणि अडकलेलं अप्रूव्हल

फायनल राउंड होऊन आज बारा दिवस झाले. रिक्रूटर मॅडम बंगलोरच्या, शेवटच्या कॉलवर म्हणाल्या की पॅनेलचं फीडबॅक चांगलंय पण हेडकाउंटचं अप्रूव्हल नवीन फायनान्शियल इयरमध्येच येईल, म्हणजे एक एप्रिलनंतर. त्याआधी विचारून उपयोग नाही हे कळतं, पण गप्प बसवतही नाही ना.

सकाळी गुढी उभारली, कडुनिंब आणि गूळ खाल्ला आणि मोबाइल घेऊन बसले. पहिला ड्राफ्ट असा होता की हॅपी उगादी, आणि बाय द वे काही अपडेट आहे का. मावसबहीण एचआरमध्ये आहे, तिला दाखवला तर म्हणाली अगं हा फॉलोअपच आहे, फक्त फुलं लावलेला. सणाच्या दिवशी असा मेसेज आला की आमच्या डोक्यात लगेच येतं, आता हिला सुट्टीच्या दिवशी काय उत्तर देऊ, शुभेच्छा राहतात बाजूला. अपडेट वेगळं मागायचं, त्यांनी दिलेल्या तारखेनंतर, ईमेलवर. तोडलं ते वाक्य.

मग वाटलं सगळ्यांना जातोय तोच तोरणाचा फोटो ब्रॉडकास्टवर टाकावा. पण व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट समोरच्याने आपला नंबर सेव्ह केला असेल तरच पोचतो, आणि रिक्रूटर कशाला कँडिडेटचे नंबर सेव्ह करत बसेल! शिवाय फॉरवर्ड पाठवून आपण कोण हे कळतही नाही. म्हणून इंटरव्ह्यूच्या वेळा ठरवल्या होत्या त्याच जुन्या चॅटमध्ये हाताने टाइप केलं, वर स्क्रोल केलं की सगळा संदर्भ तिथेच आहे. आणि पाडवा नाही, उगादी लिहिलं, तिथे चैत्र प्रतिपदेला तेच म्हणतात (आडनावावरून त्या कर्नाटकातल्या वाटतात म्हणून नाही हां, मागच्या कॉलवर त्याच म्हणाल्या होत्या की उगादीला गावी जाणारे. नाहीतर मी नुसतं हॅपी न्यू इयर पण टाळलं असतं).

शेवटी गेलं ते एवढंच: "हॅपी उगादी मॅडम, तुम्हाला आणि घरच्यांना शुभेच्छा." खाली माझं नाव आणि क्यूए लीड, पुणे. प्रश्न नाही, "वाट बघतेय" नाही. दहाला पाठवलं, पूजा उरकली असेल या हिशोबाने. याने अप्रूव्हल काही लवकर येणार नाही, ती फाइल फायनान्सकडे आहे आणि फायनान्सवाल्यांना माझा पाडवा माहीत नाही. पण एप्रिलमध्ये माझा मेल जाईल तेव्हा नाव अगदीच नवीन नको वाटायला, इतकंच.

दुपारी श्रीखंड वाढताना रिप्लाय आला. "सेम टू यू! बेवु-बेल्ला खाल्लं का?" म्हणजे आपलंच, कडुनिंब-गूळ. म्हटलं हो, कडू जरा जास्तच झालं. त्यांनी हसणारा इमोजी टाकला आणि मी तिथेच थांबले, बोटं खूप शिवशिवत होती तरी.

सहा एप्रिलचा रिमाइंडर लावलाय.