आमची वाटचाल : अठ्ठावीस पानं, सात कागद

कराडात २००९ साली एक संगणक आणि एक झेरॉक्स मशीन यांवर आम्ही काम सुरू केलं. टायपिंग आणि मांडणी माझ्याकडे, मशीन आणि वसुली यजमानांकडे. पहिली काही वर्षं अर्ज, कॉलेजच्या मुलांचे प्रकल्प आणि त्यांची बाइंडिंगं यांतच गेली. मग पाठपोट छापणारं डिजिटल मशीन घेतलं आणि पुस्तिकांची कामं येऊ लागली. आरतीसंग्रह आले, मंडळांच्या स्मरणिका आल्या, पण दुकान खऱ्या अर्थानं उभं राहिलं ते पतसंस्थांच्या वार्षिक अहवालांवर. संस्थांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते आणि सभेची सूचना किमान चौदा दिवस आधी सभासदांच्या हातात पडावी लागते. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की आमच्याकडे सगळे अहवाल एकदमच येतात.

हा अहवाल म्हणजे ए-फोर कागद मधोमध दुमडून, घडीवर दोन पिना मारलेली ए-फाइव्ह पुस्तिका. दिसायला साधी, पण संस्थेकडून पीडीएफ येते ती १, २, ३ अशी सरळ, आणि कागदावर पानं सरळ बसत नाहीत. हे मला पहिल्यांदा दाखवलं ते आमच्या गल्लीतल्या बाइंडर अण्णांनी. त्यांनी सात कोरे कागद एकात एक घालून दुमडले आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "ताई, पुस्तकासारखं उलटत जा आणि प्रत्येक पानावर आकडा घाल." एक ते अठ्ठावीस आकडे घातले. मग त्यांनी कागद सुटे केले. सगळ्यांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला डावीकडे २८ आणि उजवीकडे १ होतं, आणि त्याच्या पाठीला २ आणि २७. सगळ्यांत आतल्या कागदावर १६ आणि १३, पाठीला १४ आणि १५. "कुठलीही बाजू घे, बेरीज एकोणतीस," अण्णा म्हणाले. एकूण पानांत एक मिळवला की ही बेरीज येते. आजही छापायच्या आधी मी प्रत्येक बाजूची बेरीज बघते, आणि ती चुकली तर मशीन सुरूच करत नाही.

एका कागदावर चार पानं बसतात, म्हणून एकूण पानं चारच्या पटीत लागतात. संगणक ही जुळवाजुळव आपोआप करतो. कमी पडतील तेवढी कोरी पानं शेवटी लावतो आणि मोकळा होतो. नेमका तिथेच घोटाळा होतो. सव्वीस पानांचा अहवाल असेल तर दोन कोरी पानं २७ आणि २८ या जागी जातात. मलपृष्ठ सव्विसावं होऊन आत शिरतं आणि पुस्तिकेची पाठ कोरीच राहते. एवढं मला ठाऊक होतं. तरी सगळ्यांत मोठा फटका सव्वीस पानांच्याच अहवालानं दिला.

सहाशे प्रती होत्या. मुखपृष्ठ १७० जीएसएमच्या जाड कागदावर आणि आतली पानं ७० जीएसएम मॅपलिथोवर. मी विचार केला की दोन्ही कोरी पानं कव्हरच्या आतल्या बाजूला टाकावीत, एक मुखपृष्ठामागे आणि एक मलपृष्ठाच्या आधी. म्हणजे कव्हर एकाच बाजूनं छापावं लागेल आणि मलपृष्ठही जागेवर राहील. बेरीज बरोबर आली, पानांचे आकडे क्रमानं आले, छपाई झाली, अण्णांनी पिना मारून दिल्या. संध्याकाळी संस्थेचे व्यवस्थापक आले. त्यांनी ताळेबंद काढला आणि पान पुढे-मागे करत राहिले. म्हणाले, "ताई, देणी वाचून जिंदगी बघायला पान उलटायचं का?"

ताळेबंद दोन पानांचा असतो. डावीकडे भांडवल व देणी, उजवीकडे जिंदगी व येणे, आणि दोन्ही रकाने समोरासमोर हवेत. संस्थेच्या पीडीएफमध्ये तो बाराव्या आणि तेराव्या पानावर, म्हणजे समोरासमोरच होता. मी मुखपृष्ठामागे एक कोरं पान घातलं आणि पुढचं सगळं एका घरानं सरकलं. ताळेबंद गेला तेराव्या आणि चौदाव्या जागी. तेरा हे उजवं पान आणि चौदा त्याचीच पाठ. दोन्ही बाजू एकाच पानाच्या पुढे-मागे छापल्या गेल्या. आकड्यांचा क्रम मी पाहिला होता. डावं-उजवं पाहिलं नव्हतं. चूक माझी होती, म्हणून त्याचे पैसे संस्थेकडून घेतले नाहीत.

त्या रात्री आम्ही दोघं अण्णांसारखी कोरे कागद दुमडून आकडे घातलेली डमी पुढ्यात घेऊन बसलो. ताळेबंद समोरासमोर राहायचा तर त्याच्या आधी घातलेली कोरी पानं सम संख्येत हवीत, म्हणजे एकही नको किंवा दोन्ही तिथेच. दोन्ही आधी घातली तर बारा आणि तेरा सरकून चौदा आणि पंधरा होतात. आणि अठ्ठावीस पानांच्या पुस्तिकेत चौदा-पंधरा म्हणजे बरोबर मधली जोडी! संपूर्ण पुस्तिकेत आतली समोरासमोरची हीच एक जोडी अखंड कागदावर छापली जाते. बाकीच्या जोड्यांत डावं पान एका कागदावर आणि उजवं दुसऱ्या, त्यामुळे छपाईत आणि घडीत मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतं आणि तक्त्याच्या ओळी पायरीसारख्या दिसतात. मधल्या जोडीत ओळ डावीकडून उजवीकडे सरळ जाते.

मग एक कोरं पान मुखपृष्ठाच्या मागे ठेवलं आणि दुसरं सभेच्या सूचनेच्या मागे. सूचना आपोआप उजव्या पानावर आली, आणि तिची कोरी पाठ सभासदांना प्रश्न टिपून ठेवायला उपयोगी पडली. तीन ते सव्वीस ही पानं दोन-दोन घरं सरकली, त्यामुळे डावं पान डावंच राहिलं. मलपृष्ठ अठ्ठावीसवर. हे काम आम्ही `pdfjam` या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर करतो. आज्ञा अशी:

```
pdfjam --booklet true --landscape --paper a4paper \
  --outfile mandani.pdf -- ahwal.pdf '1,{},2,{},3-26'
```

यातला `{}` म्हणजे कोरं पान. कुठलं कोरं पान कुठे जाणार हे आपण ठरवायचं, प्रोग्रॅमवर सोडायचं नाही. `mandani.pdf` मध्ये आडवी चौदा पानं येतात. पहिली दोन म्हणजे कव्हरच्या दोन बाजू. ती जाड कागदावर वेगळी काढायची आणि बाकीची बारा पातळ कागदावर.

त्या वेळी कव्हरं वाचली हेही सांगायला हवं. त्यांची बाहेरची बाजू, अठ्ठावीस आणि एक, जशीच्या तशी होती. आतली बाजू कोरी होती आणि नव्या मांडणीत तिथे फक्त सत्ताविसावं पान, म्हणजे व्याजदरांचा तक्ता यायचा होता. पिना काढून सहाशे कव्हरं मशीनमधून पुन्हा घातली. आतले सहा कागद मात्र नव्यानं, म्हणजे ३,६०० कागद. दुसऱ्या दिवशी दुपारी अहवाल संस्थेत पोचले आणि सूचनेची मुदत सांभाळली गेली.

छापताना नेहमी चुकणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पाठीची दिशा. आडव्या कागदावर दोन उभी पानं असतात, म्हणून पाठ छापताना कागद आखूड कडेवर फिरायला हवा. प्रिंटच्या खिडकीत `Flip on short edge` निवडायचं. लांब कडेवर फिरला तर पुढची बाजू नीट येते आणि मागची उलटी, डोकं खाली. पहिला कागद हातात घेऊन पुस्तकाच्या पानासारखा उलटला की लगेच कळतं. तिथेच पानाचा आकारही शंभर टक्के ठेवायचा. `Fit` राहिलं की पानं थोडी आक्रसतात आणि दोन पानांमधली रेघ घडीवर बसेलच असं नाही. आणि मांडणी केलेली फाइल छापताना प्रिंटरच्या खिडकीतलं `Booklet` पुन्हा निवडायचं नाही; मांडणीची पुन्हा मांडणी होते आणि चार-चार बारीक पानं एका बाजूला येतात. आमच्याकडे नवीन मुलगा लागला की त्याच्याकडून हे पहिल्या आठवड्यात एकदा तरी होतंच. म्हणून मी त्याला आधी एकच प्रत काढून घडी घालायला लावते.

गिऱ्हाइकाची फाइल कधी ए-फोर आकाराची येते. ती निम्म्या कागदावर बसवली की प्रत्येक पान ७१ टक्क्यांवर येतं, आणि बारा पॉइंटचा मजकूर साडेआठवर. इंग्रजी अक्षर तेवढ्यात चालून जातं. मराठीत रफार, ऱ्हस्व-दीर्घ उकार आणि जोडाक्षरं चिकटतात, आणि पतसंस्थेचे बरेच सभासद साठीच्या पुढचे. म्हणून काम घेतानाच `pdfinfo ahwal.pdf` देऊन पानांची संख्या आणि आकार बघते. ए-फोर दिसलं तर मजकूर ए-फाइव्हवर नव्यानं लावून घ्या, असं संस्थेला सांगते. एक दिवस जास्त लागतो, पण वाचता न येणारा अहवाल छापून द्यायला माझं मन घेत नाही.

पानं वाढली की कागदाची जाडी आडवी येते. एका मंडळाची चौसष्ट पानांची स्मरणिका आम्ही सोळा कागद एकात एक घालून केली, ९० जीएसएमवर. आतला प्रत्येक कागद बाहेरच्या कागदाच्या जाडीएवढा पुढे सरकतो. पंधरा कागदांचं मिळून दीड मिलिमीटरच्या पुढे जातं. कडा कापून सारख्या केल्या, आणि मधल्या पानांवर चौकटीची बाहेरची बाजू कात्रीखाली अरुंद झाली. पहिल्या पानाशेजारी मधलं पान ठेवलं की फरक डोळ्यात भरायचा. सात कागदांच्या अहवालात हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास राहतो, त्याचा त्रास नाही. पण अठ्ठेचाळीस पानांच्या पुढे आता आम्ही `--signature 16` देऊन सोळा-सोळा पानांचे फर्मे करतो आणि अण्णांचा मुलगा ते शिवून देतो. बाहेरचा समास दहा मिलिमीटरपेक्षा कमी घेत नाही, आणि चौकट नको असं गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

शेवटच्या दिवशीच्या दुरुस्त्या काही चुकत नाहीत. पानांची संख्या बदलली तर मांडणी पहिल्यापासून करावी लागते, म्हणून संख्येवर सही झाल्याशिवाय मी मांडणीला हात लावत नाही. मजकुरातला आकडा बदलला तर एकाच कागदाचं काम. मागच्या वर्षी सहाव्या पानावर ठेवींचा आकडा बदलला. डमी उघडली, सहा तिसऱ्या कागदावर, सोबत तेवीस, आणि पाठीला पाच आणि चोवीस. तेवढेच सहाशे कागद पुन्हा काढले. पिना अजून मारल्या नव्हत्या, त्यामुळे तिसरा गठ्ठा बदलला आणि सगळं बाइंडिंगला गेलं.

ती पेन्सिलीनं आकडे घातलेली डमी आता प्रत्येक कामाच्या पाकिटात असते. ताळेबंदाच्या दोन पानांवर मी लाल पेन्सिलीनं "समोरासमोर" असं लिहिते, आणि व्यवस्थापकांची सही त्याच दोन पानांवर घेते.