ज्युनियर ड्राफ्ट्समनच्या जागेसाठी कव्हर लेटर लिहिलं, त्याचा अनुभव

डिप्लोमा सिव्हिल झाला आणि ज्युनियर ड्राफ्ट्समनची जाहिरात दिसली. रेझ्युमे तयार होताच, पण कव्हर लेटर पण मागितलेलं. आता 'ऑटोकॅड चांगलं येतं' हे तर प्रत्येकजण लिहितो, त्यावरून समोरच्याला काय कळणार? म्हणून मी ठरवलं की कमांडची यादी द्यायचीच नाही, फायनल इयर प्रोजेक्टमधलं एकच ड्रॉइंग घ्यायचं आणि ते कसं केलं ते सांगायचं.

मी जिना घेतला. कारण प्लॅन काय, कोणीही काढतो, जिन्याच्या सेक्शनमध्ये खरं कळतं माणसाला काम येतं की नाही. मधला पॅरा साधारण असा होता:

"जी प्लस वन घराच्या वर्किंग ड्रॉइंगमध्ये डॉग-लेग्ड जिन्याचा प्लॅन आणि सेक्शन मी काढला. फ्लोअर हाइट ३००० मिमी, रायझर १५० मिमी, म्हणजे २० रायझर, प्रत्येक फ्लाइटला १०. ट्रेड ९ च येतात कारण शेवटचा रायझर लँडिंगवर संपतो, म्हणून २५० च्या ट्रेडने फ्लाइटची लांबी २२५० मिमी. कॉलम लेआउटची फाइल XREF करून जोडली आहे, कॉलम सरकला तर रीलोड केल्यावर सगळ्या शीटवर तो बदल दिसतो."

पुढे दोनच ओळी, की फाइल देण्याआधी OVERKILL आणि PURGE मारतो, आणि रेव्हिट फक्त बेसिक येतं. ही दुसरी ओळ मित्र म्हणाला काढून टाक, मी ठेवली, टेस्टला बसवलं की कळणारच ना!

सोबत अख्खा प्रोजेक्ट न जोडता जिन्याचीच एक ए३ पीडीएफ जोडली, स्केल १:५०. इथे एक बघा, प्लॉट करताना 'फिट टू पेपर'ची टिक काढायची, नाहीतर स्केल १:५० लिहिलेलं असतं पण प्रिंटवर पट्टी ठेवली की माप जुळत नाही. मी स्वतः प्रिंट काढून मोजलं, २२५० ची फ्लाइट कागदावर ४५ मिमी यायला हवी, आली, मग पाठवलं.

इंटरव्ह्यूला सरांच्या टेबलावर तीच शीट होती. बाकी विचारपूस थोडीच झाली, थेट म्हणाले, "क्लायंटने हाइट ३१५० केली तर?" मी म्हटलं, सर, १५० चा रायझर ठेवला तर २१ होतात, एका फ्लाइटला ११ आणि दुसरीला १०, मोठी फ्लाइट २५०० ची होईल आणि वाढलेले २५० मिमी लँडिंगमधून जातील. किंवा २० च ठेवून रायझर १५७.५ करायचा, मग प्लॅन हलत नाही, सेक्शन बदलावा लागतो. "मग कॉम्प्युटरवर बसा, दुसरा पर्याय काढून दाखवा," म्हणाले, आणि टेस्ट तिथेच सुरू झाली.