ब्लॉग सबडोमेनवरून सबफोल्डरमध्ये आणताना

निपाणीत माझ्या मावसभावाचे कोल्हापुरी चपलांचे दुकान आहे आणि त्याच्या संकेतस्थळाची देखभाल मी बेळगावातून करतो. दुकान `dukan.example` या पत्त्यावर (खरे नाव येथे बदलले आहे) आणि ब्लॉग `blog.dukan.example` वर, अशी सुरुवातीपासूनची मांडणी होती. पावसाळ्यात चामडे कसे जपावे, २०१९ मध्ये या चपलांना मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हा कसा आला, असे मराठी लेख त्यावर आहेत. लेख वाचले जात होते, पण वाचणारे दुकानाकडे फारसे वळत नव्हते. ‘ब्लॉग दुकानाच्याच पत्त्याखाली घेतला तर आपण गुगलवर वर येऊ का रे?’ असे दादाने विचारले, तेव्हा या प्रश्नाचा मी नीट अभ्यास केला.

गुगलचे जॉन म्युलर यांनी २०१७ मध्येच स्पष्ट केले होते की गुगल शोधाला सबडोमेन आणि सबफोल्डर दोन्ही चालतात. तरीही ब्लॉग हलवल्यावर शोधातील स्थान सुधारल्याचे अनेक जण सांगतात. माझ्या मते त्यामागे बहुधा पत्त्यापेक्षा दुव्यांचा वाटा मोठा असतो. आमच्याकडे तेच दिसले: ब्लॉगच्या मेनूतून फक्त मुखपृष्ठाला एक दुवा होता आणि दुकानाच्या पानांवरून ब्लॉगला एकही नव्हता. म्हणून स्थलांतराआधी मी प्रत्येक लेखातून संबंधित चपलेच्या पानाला आणि त्या पानावरून लेखाला दुवे दिले. हे काम सबडोमेनवर राहूनही होते, आणि ते आधी उरकल्यामुळे पुढे कशाचा परिणाम कशामुळे झाला याची गल्लत टळली.

ब्लॉग हलवण्याचे खरे कारण देखभालीचे होते. प्रत्येक सबडोमेनला स्वतःची `robots.txt` लागते, त्याचे प्रमाणपत्र वेळेवर नूतनीकृत व्हावे लागते आणि आमच्या बाबतीत मेनूतील प्रत्येक बदल दोन ठिकाणी करावा लागत होता. दुकान आमच्याच सर्व्हरवर एनजिनएक्समागे चालत असल्याने `/blog/` ची मागणी वर्डप्रेसकडे वळवणे सोपे होते. वर्डप्रेसमध्ये `WP_HOME` आणि `WP_SITEURL` हे दोन्ही नव्या पत्त्यावर आणले. प्रवेशपान सतत स्वतःकडेच परत पाठवत राहिले, तर मागणी मुळात एचटीटीपीएसवरून आली आहे हे वर्डप्रेसला कळत नसण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी `X-Forwarded-Proto` ही माहिती पुढे पाठवून `wp-config.php` मध्ये ती वाचायची सोय करावी लागते.

जुन्या पत्त्यांच्या बाबतीत मी सर्वाधिक काळजी घेतली. प्रत्येक जुना लेख त्याच लेखाच्या नव्या पत्त्यावर कायमस्वरूपी, म्हणजे ३०१ रिडायरेक्टने गेला पाहिजे. सगळे मुखपृष्ठावर ढकलले तर लेखांनी मिळवलेले स्थान वाया जाते. जुन्या नावाच्या `server` विभागात त्यासाठी एकच ओळ पुरली:

```
return 301 https://dukan.example/blog$request_uri;
```

येथे `$uri` ऐवजी `$request_uri` घेणे मराठी लेखांसाठी महत्त्वाचे आहे. आपले देवनागरी पत्ते प्रत्यक्षात `%E0%A4…` अशा सांकेतिक रूपात प्रवास करतात, आणि `$request_uri` ते जसेच्या तसे पुढे देतो. काही पत्ते `curl -IL` ने तपासून प्रत्येक ठिकाणी थेट, एकाच उडीत नवा लेख मिळतो याची मी खात्री केली. जुन्या सबडोमेनची डीएनएस नोंद आणि प्रमाणपत्र चालू ठेवावेच लागते, कारण प्रमाणपत्र संपले तर ब्राउझर इशारा दाखवून थांबतो आणि रिडायरेक्टपर्यंत वाचक पोहोचतच नाही. गुगल हे रिडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवण्यास सांगते. आम्ही ते काढणारच नाही.

सर्च कन्सोलमधील पत्ता बदलण्याचे साधन येथे उपयोगी पडत नाही, कारण ते एका फोल्डरमध्ये होणाऱ्या स्थलांतरासाठी नाही. शिवाय फोल्डरमधील वर्डप्रेस स्वतःची `robots.txt` आपोआप तयार करत नाही, आणि शोधयंत्रे ही फाइल फक्त पत्त्याच्या मुळाशीच पाहतात. त्यामुळे `/blog/wp-sitemap.xml` चा उल्लेख दुकानाच्या मूळ फाइलमध्ये हाताने केला. त्यानंतर जुने पत्ते अहवालात ‘रिडायरेक्ट असलेले पान’ या गटात सरकू लागले आणि नवे पत्ते अनुक्रमित होऊ लागले. अशा काळात आकडे खालीवर होतात, म्हणून सणासुदीच्या विक्रीच्या तोंडावर हे काम घेऊ नये.

एका गोष्टीत मात्र सबडोमेनच सरस आहे. सबफोल्डरमध्ये ब्लॉग आणि दुकान ब्राउझरच्या दृष्टीने एकाच मूळाचे होतात, त्यामुळे वर्डप्रेसच्या एखाद्या प्लगइनमधील छिद्रातून शिरलेली स्क्रिप्ट ग्राहकाच्या लॉगिनपर्यंत पोहोचू शकते. आम्ही अनावश्यक प्लगइन काढून टाकले, वाचकांचे प्रतिसाद बंद केले आणि व्यवस्थापनाचे पान ठरावीक आयपी पत्त्यांपुरतेच उघडे ठेवले. खानापूरच्या एका काजूविक्रेत्याचे दुकान तयार भाडोत्री सेवेवर आहे आणि तिथे वेगळा ब्लॉग फोल्डरमध्ये जोडण्याची सोय नाही. त्यांना मी सबडोमेनवरच राहून दुवे वाढवण्याचा सल्ला दिला आहे.