संध्याकाळचे सहा बेचाळीस

कढीपत्त्याच्या कुंडीत मधे एक रानटी झाड उगवलं होतं. झाड कसलं, गवतच. मातीला चिकटून पसरलेलं, तीन-तीन पानांचं, मधूनच हरभऱ्याच्या डाळीएवढी पिवळी फुलं. फोडणीसाठी पानं तोडायला गेले की रोज मनात यायचं, रविवारी हे उपटायचं. रविवारी विसरायचे.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी नऊ वर्षांचा लेक बाल्कनीतून ओरडत आत आला, "आई, ते खालचं झाड मेलं!" बघितलं तर खरंच, सगळी पानं मान टाकून बसलेली. मी तांब्याभर पाणी ओतलं. याने फोटो काढून थेट मामाला पाठवला. मामा म्हणजे माझा दादा, कोल्हापूरला वनस्पतिशास्त्र शिकवतो. त्याला असे फोटो नातेवाइकांकडून दिवसाला चार येतात आणि प्रत्येकाला फक्त नाव हवं असतं.

दादाने नाव सांगितलं नाही. त्याने विचारलं, "किती वाजता काढलास?"

लेकाने फोटोचा तपशील उघडून सांगितलं, सहा बेचाळीस.

"आता फोटो मोठा कर. पानाचा देठ बघ. वाकलाय की ताठ आहे?"

देठ ताठ होते. छत्रीची दांडी उभी आणि कापड मिटलेलं असावं, तसं. तीन पानं मधल्या शिरेवर दुमडून दांडीला लगटलेली. दादाचं म्हणणं, पाणी कमी पडून सुकलेल्या झाडाचे देठही लोंबतात आणि पान बोटाला चिंधीसारखं लागतं. हे मेलेलं नाही, मिटलेलं आहे. माझं तांब्याभर पाणी फुकट गेलं.

तोवर लेकाने फोनमधल्या एका अ‍ॅपला विचारून नाव आणलंच होतं: क्लोव्हर. मामाने त्याला पानाचं टोक बघायला लावलं. क्लोव्हरचं पान साधारण अंडाकृती असतं आणि पुष्कळदा त्यावर फिकट पट्टा असतो. आपल्या पानाला वर खाच, अगदी बदामाच्या पत्त्यावरचा बदाम. ही आंबुशी. (आंबोशी नव्हे, ती वाळवलेल्या कैरीची. आमच्या आजीकडे दोन्ही असायच्या. एक आमटीत जायची, दुसरी तांब्याची घागर घासायला.) पान आंबट लागतं ते ऑक्झॅलिक आम्लामुळे, आणि घागरही त्यानेच लखलखते. लेकाला लगेच पान चावून बघायचं होतं. मामाने अट घातली की आधी ओळख पटवायची, मग चव. उलट क्रमाने कधीच नाही.

मग गृहपाठ आला. एका पानाच्या देठाला लाल दोरा सैलसर बांधायचा आणि त्याच पानाचा फोटो सकाळी सात, दहा, दुपारी एक, चार आणि संध्याकाळी सातला काढायचा. दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती, त्यामुळे जमण्यासारखं होतं. पहिल्या दिवसाचे पाचही फोटो वाया गेले. एक वरून, एक बाजूने, सातचा फ्लॅश मारून पांढराफटक, आणि एकात दोराच नाही. कुठलं पान किती मिटलंय हे काही कळेना. दुसऱ्या दिवशी याने फरशीवर चिकटपट्टीने खूण केली, फोन स्टुलावर टेकवला आणि कुंडीत स्टीलची पट्टी उभी खोचली. आता निदान तीच कुंडी त्याच जागी दिसू लागली.

वहीत त्याने आधीच लिहून ठेवलं होतं: झाड रात्री झोपतं. सातला अर्धं उघडं, दहाला पूर्ण सपाट, सगळं ठरल्याप्रमाणे. पण एकच्या फोटोत पान मिटलेलं! लेकाने शांतपणे लिहिलं, "दुपारची झोप." पुणेरी झाड असेल, असं मी म्हटलं. आम्ही ठाण्यात राहतो.

मामा मात्र हसला नाही. "एक वाजता तुझ्या बाल्कनीत काय असतं?" ऊन असतं, ऑक्टोबरचं, तापलेलं. "मग उद्या साडेबाराला कुंडी सावलीत सरकव. बाकी काही बदलू नकोस." सावलीत एक वाजता पान उघडंच राहिलं. परवा पुन्हा उन्हात ठेवलं, तर मिटलं. संध्याकाळी मात्र कुठेही ठेवा, ते मिटायचंच. म्हणजे मिटणं एकच, कारणं दोन. प्रत्येक पानाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो, त्याच्या पेशींत पाणी भरलं-ओसरलं की पान हलतं. कडक उन्हात मिटून ते स्वतःवर पडणारं ऊन कमी करतं.

"आणि रात्री का मिटतं?" यावर मामाने डार्विनची गोष्ट सांगितली. डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी आंबुशीच्या कुळातल्या झाडांची पानं टाचण्यांनी उघडी अडकवून थंडीच्या रात्री बाहेर ठेवली. मिटू न दिलेल्या पानांना गारठा जास्त बाधला. १८८० साली त्यांनी हे छापलं. लेक म्हणाला, "पण मामा, ठाण्यात कुठे थंडी पडते?" मामा म्हणाला, "तेच तर!" आणि विषय तिथेच सोडून दिला. मला हे जरा अन्यायाचं वाटलं, पण लेकाला चाललं.

आठव्या दिवशी शेंगा भरल्या. इवल्याशा भेंडीसारख्या पाच कोनी, आणि गंमत म्हणजे देठ खाली वाकलेला असला तरी शेंग आभाळाकडे तोंड करून उभी. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं तर टिक्‌ टिक्‌ करत बिया उडाल्या. प्रत्येक बीवर एक ताणलेलं पांढरं आवरण असतं, ते झटक्यात उलटतं आणि बी भिरकावली जाते. फोटोत हे एकदाही सापडलं नाही. नेहमी उडायच्या आधीचा किंवा उडून गेल्यानंतरचा. शेवटी फोन बाजूला ठेवून याने खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि पट्टीने मोजलं. सर्वांत लांबची बी दोन फूट सात इंचांवर, माझ्या तुळशीत. पुढच्या वर्षी तुळशीत काय उगवणार ते कळलं.

अकराव्या दिवशी लाल दोऱ्याचं पानच खाल्लेलं. पानामागे भाताच्या दाण्याएवढी हिरवी, चपटी अळी. हिच्यातून फिकट निळं, नखाएवढं फुलपाखरू निघतं, पेल ग्रास ब्ल्यू, आणि आंबुशी हे तिचं ठरलेलं खाणं. बारीक असताना अळी पानाची खालची बाजू खरवडते, वरचा पापुद्रा शिल्लक ठेवते, म्हणून पानावर काचेसारखे ठिपके दिसतात.

हे ऐकून लेक पहिल्या फोटोकडे गेला, सहा बेचाळीसच्या. मोठा, आणखी मोठा केला. डाव्या कोपऱ्यातल्या एका मिटलेल्या पानावर दोन पारदर्शक ठिपके होते.

"मामा, तुला हे तेव्हाच दिसले होते ना?"

दादा थोडा वेळ काहीच बोलला नाही. फोटो बघत असावा.

"नाही रे," तो म्हणाला. "मी देठच बघत होतो."

लेकाने वही काढून पहिल्या पानावर, सहा बेचाळीसच्या शेजारी, वेगळ्या शाईने लिहिलं: ठिपके २. मग मला विचारलं, रविवारी मी काही उपटणार तर नाही ना.